शैली, नाव आणि मागणी : हयात चित्रकाराच्या शैलीत चित्र मागण्यातील प्रताधिकार व नीतीचे प्रश्न

प्रस्तावना :

चित्रकलेच्या इतिहासात अनुकरण ही नवी गोष्ट नाही. शिष्याने गुरूच्या चित्राची नक्कल करीत हात घडवावा, ही पद्धत जगभरच्या चित्रशाळांत रूढ होती आणि आजही आहे. तथापि इ. स. २०२२ च्या उत्तरार्धापासून अनुकरणाचा एक वेगळा प्रकार प्रचारात आला. संगणकाच्या पडद्यावर एक वाक्य लिहावयाचे, त्यात हव्या त्या दृश्याचे वर्णन करावयाचे आणि शेवटी एखाद्या चित्रकाराचे नाव जोडावयाचे. काही क्षणांत त्या चित्रकाराची आठवण करून देणारे चित्र तयार होते. तो चित्रकार हयात असेल, त्याच शैलीवर त्याचा चरितार्थ चालत असेल, तर अशा मागणीचे कायदेशीर व नैतिक स्वरूप काय, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाची चर्चा बहुधा 'यंत्राने चोरी केली काय' या एकाच अंगाने होते. प्रस्तुत लेखात यंत्रापेक्षा मागणीकडे अधिक लक्ष दिले आहे. एखादी व्यक्ती दुसऱ्याच्या शैलीत चित्र मागते तेव्हा ती नेमके काय मागते, हे तपासण्यासाठी तीन घटना निवडल्या आहेत. पहिल्या घटनेत मागणी माणसाकडे झाली आणि समोर मूळ चित्र होते. दुसऱ्या घटनेत ती यंत्राकडे झाली आणि सोबत केवळ नाव होते. तिसऱ्या घटनेत यंत्रापुढे चित्रांचा संचच ठेवला गेला. या तिन्हींत 'शैली' हा शब्द समान असला तरी प्रत्येक ठिकाणी घेतली गेलेली वस्तू निराळी आहे. कायदा यांपैकी काहींना स्पर्श करतो, काहींना करीत नाही आणि जेथे तो थांबतो तेथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मूळ चित्र समोर ठेवून केलेली मागणी :

सॉल स्टाइनबर्ग या चित्रकाराने 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या २९ मार्च १९७६ च्या अंकासाठी एक मुखपृष्ठ रेखाटले. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला जग कसे दिसते, हा त्याचा विषय. पुढे शहराचे काही चौक बारकाव्याने काढलेले, त्यापलीकडे हडसन नदी आणि नदीपलीकडचा सारा देश व महासागर जणू काही फारसे महत्त्वाचे नाहीत अशा थाटात चार रेषांत आटोपलेले. हे चित्र अतिशय गाजले व भित्तिचित्ररूपानेही खपले.

१९८४ साली कोलंबिया पिक्चर्सचा 'मॉस्को ऑन द हडसन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या जाहिरातीत तशाच पद्धतीचे चित्र होते. फरक इतकाच, की येथे दृष्टी पश्चिमेऐवजी पूर्वेकडे वळविली होती आणि क्षितिजावर युरोपातील नगरे व मॉस्को दिसत होते. स्टाइनबर्ग यांनी दावा दाखल केला. चित्रपट कंपनीच्या कला विभागाने स्टाइनबर्ग यांचे भित्तिचित्र मिळवून जाहिरात काढणाऱ्या चित्रकाराला संदर्भ म्हणून दिले होते, ही बाब सुनावणीत स्पष्ट झाली. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने प्रताधिकाराचा भंग झाल्याचा निर्णय दिला.

या निर्णयाचा आधार काळजीपूर्वक पाहणे आवश्यक आहे, कारण 'शैलीला संरक्षण मिळाले' असा त्याचा सैल अर्थ पुष्कळदा लावला जातो. स्वतःच्या शहरापलीकडचे जग न दिसणारी आत्मकेंद्री दृष्टी ही कल्पना आहे व ती कोणालाही वापरता येईल, हे न्यायालयाने मान्यच केले. त्याने तुलना केली ती दोन चित्रांतील दृश्य तपशिलांची. दोन्हींत साधारण चार चौक बारकाईने काढलेले आहेत. दोन्हींत वरच्या कडेला आकाशासाठी निळ्या रंगाचा अरुंद पट्टा आहे आणि दोन्हींत क्षितिज तांबड्या पट्ट्याने दाखविलेले आहे. काही इमारतींचे दर्शनी भाग, त्यांवरील नक्षी व पडलेल्या सावल्याही जुळतात, आणि अक्षरांचे वळणही तेच आहे. शैली हा अभिव्यक्तीचा एक घटक आहे, म्हणून शैलीतील साम्य पुरावा म्हणून विचारात घेता येते, असे न्यायालयाने मानले. परंतु भंग ठरला तो विशिष्ट चित्रातील विशिष्ट अभिव्यक्ती उचलल्यामुळे. स्टाइनबर्ग यांच्या वळणाची रेघ वापरून कोणी अगदी वेगळे दृश्य काढले असते, तर हाच निकाल लागला असता असे म्हणता येत नाही.

भारतीय कायद्याची भूमिकाही तत्त्वतः हीच आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम २(ग) मध्ये चित्र, रेखाटन, कोरीवकाम इत्यादींचा 'कलाकृती' म्हणून समावेश आहे व कलम १४ ने त्या कृतीची प्रत काढण्याचा हक्क प्रताधिकारधारकास दिला आहे. संरक्षण कृतीला आहे, पद्धतीला नाही. 'हम हिंदुस्थानी' हे नाटक व 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली जो निकष घालून दिला, तो येथेही लागू पडतो. कल्पना, विषय व कथासूत्र यांत प्रताधिकार नसतो. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य रसिकाच्या मनावर 'ही त्याचीच नक्कल आहे' असा निःसंदिग्ध ठसा उमटतो काय, हे पाहावयाचे. म्हणजे तुलनेसाठी दोन कृती हव्यात. एका बाजूला कृती व दुसऱ्या बाजूला केवळ 'हात' ओळखू येणे, ही तुलना कायद्याला करता येत नाही.

केवळ नावाने केलेली मागणी :

ग्रेग रुटकोव्स्की हे पोलंडमधील चित्रकार अद्भुतरम्य दृश्यांसाठी ख्यातनाम आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' व 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळांसाठी त्यांनी चित्रे काढली आहेत. प्रचंड अक्राळविक्राळ प्राण्यासमोर उभी असलेली लहानशी मनुष्याकृती, धुक्यातून फाकणारा उबदार प्रकाश, तैलरंगाचा भास देणारे मोकळे कुंचल्याचे फटकारे, ही त्यांच्या चित्रांची सहज जाणवणारी वैशिष्ट्ये होत. या वैशिष्ट्यांमागे युरोपीय निसर्गचित्रणाची दीर्घ परंपरा उभी आहे, हेही जाणकारांच्या लक्षात येईल.

ऑगस्ट २०२२ मध्ये 'स्टेबल डिफ्यूजन' ही चित्रनिर्मितीची प्रणाली सर्वांना खुली झाली. त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबर २०२२ मध्ये, अशा मागण्यांची नोंद ठेवणाऱ्या 'लेक्सिका' या संकेतस्थळावर रुटकोव्स्की यांचे नाव सुमारे ९३,००० मागण्यांत आढळल्याचे वृत्त 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने दिले. मायकेलअँजेलो, पिकासो व लिओनार्दो यांची नावे प्रत्येकी सुमारे दोन हजार किंवा त्याहून कमी वेळा आली होती. मागणीचे स्वरूप साधारण पुढीलप्रमाणे असे :

```
wizard and dragon on a cliff at dusk, by greg rutkowski
```

या ओळीतील शेवटचे तीन शब्द नेमके काय करतात, हे समजून घेतल्याशिवाय कायद्याची चर्चा व्यर्थ ठरेल. या प्रणालीत ठरावीक चित्रांची पेटी नसते, की जीतून नावानुसार एखादे चित्र काढून द्यावे. अशा प्रणाली घडविताना आंतरजालावरून गोळा केलेली चित्रे व त्यांच्याबरोबरचा मजकूर यांच्या जोड्या वापरल्या जातात. स्टेबल डिफ्यूजनसाठी ज्या संग्रहातून निवड झाली, त्या 'लायन–५बी'मध्ये सुमारे ५८५ कोटी जोड्यांचे पत्ते होते. प्रणालीचा एक भाग शब्दांचे संख्यांत रूपांतर करतो, तर दुसरा भाग ठिपक्यांच्या गोंधळातून त्या संख्यांच्या दिशेने टप्प्याटप्प्याने चित्र घडवीत नेतो. चित्रकाराचे नाव ही अशीच एक दिशा ठरते. नाव जोडले की रंग, प्रकाश व रचना त्या बाजूला झुकतात.

हे केवळ तर्क नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या प्रणालीची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा रुटकोव्स्की यांचे नाव पूर्वीसारखा परिणाम करीत नाही, अशी वापरणाऱ्यांची तक्रार सुरू झाली. पहिल्या आवृत्तीत शब्द वाचणारा भाग 'क्लिप' हा होता. तो ओपनएआय कंपनीने ४० कोटी जोड्यांवर घडविला होता व त्या जोड्या जाहीर केल्या नव्हत्या. दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या जागी वेगळ्या संग्रहावर घडविलेला भाग बसविला गेला आणि नावाची ओढ क्षीण झाली. म्हणजे नावाचे बळ बऱ्याच अंशी शब्द आणि चित्र यांची गाठ कोठे व किती वेळा पडली यावर अवलंबून होते. रुटकोव्स्की यांनी आपली चित्रे आंतरजालावर ठेवताना त्यांना इंग्रजीत वर्णनेही जोडली होती. अशी वर्णने दृष्टिहीनांना उपयोगी पडतात. हीच दक्षता यंत्राला त्यांचे नाव व चित्रे यांची गाठ घालण्यास साहाय्यभूत ठरली, हा या प्रकरणातील एक कटू योगायोग होय.

आता स्टाइनबर्ग यांच्या घटनेशी तुलना करावी. येथे समोर ठेवलेले एक चित्र नाही. तयार झालेल्या प्रतिमेत कडा आहे, प्राणी आहे, संधिप्रकाश आहे. परंतु रुटकोव्स्की यांच्या कोणत्या चित्राची ती प्रत आहे, असे विचारल्यास बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. अशा चित्रांच्या कोपऱ्यात पुष्कळदा सहीसारखे वाचता न येणारे गिचमिडे चिन्ह दिसते, आणि त्यावरून 'ही मूळ सहीच पुसली गेली' असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. यंत्राने अशा चित्रांच्या कोपऱ्यात सही असते एवढीच सवय उचललेली असते. ते चिन्ह एका विशिष्ट चित्राच्या नकलेचा पुरावा ठरत नाही. त्याने दिसते ते इतकेच, की यंत्राच्या दृष्टीने चित्रकाराची सही व झाडाची पाने यांत फरक नाही.

तेव्हा तयार झालेली प्रतिमा एकटी घेतली, तर प्रताधिकाराच्या दृष्टीने बाजू दुबळी दिसते. परंतु प्रतिमा हा या व्यवहाराचा केवळ शेवटचा टप्पा आहे. त्याआधी दोन टप्पे येतात. पहिला, प्रणाली घडविण्यासाठी चित्रांच्या प्रती काढणे. दुसरा, चित्रकाराच्या नावाचा वापर. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन व इतर चित्रकारांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी इत्यादी कंपन्यांविरुद्ध दावा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातील बहुतेक मागण्या सुधारणेची संधी देऊन फेटाळल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुधारित दावा सादर झाला, तेव्हा रुटकोव्स्की हेही वादी म्हणून सामील झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश विल्यम ओरिक यांनी प्रताधिकारभंगाच्या मुख्य मागण्या पुढे चालविण्यास अनुमती दिली. मिडजर्नीच्या प्रमुखाने ४,७०० हून अधिक चित्रकारांच्या नावांची यादी प्रसृत केली होती. त्या यादीतील वादींची संमती असल्याचा खोटा समज निर्माण झाला, ही मागणीही न्यायाधीशांनी प्राथमिक टप्प्यावर टिकविली. हे अंतिम निर्णय नव्हेत. तथापि त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वाद जेथे तग धरतो तेथे तो शैलीवर आधारलेला नसून प्रतींवर व नावावर आधारलेला आहे.

प्रतींचा प्रश्नही सर्वत्र एकाच प्रकारे सुटलेला नाही. गेटी इमेजेस विरुद्ध स्टॅबिलिटी एआय या दाव्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये घडविलेली प्रणाली ही स्वतः चित्रांची 'प्रत' नव्हे असे ठरविले, कारण तिच्यात चित्रे साठविलेली नसतात. मात्र इंग्लंडमध्ये प्रणाली घडविताना प्रती काढल्या गेल्याची मागणी गेटीने सुनावणीदरम्यान मागे घेतली होती, त्यामुळे तो मूळ प्रश्न तेथे निर्णयास आलाच नाही.

चित्रांचा संच पुरवून केलेली मागणी :

हॉली मेंगर्ट या अमेरिकन बोधचित्रकार आहेत. २०२२ च्या शरद ऋतूत एका व्यक्तीने त्यांची ३२ चित्रे घेऊन स्टेबल डिफ्यूजनला वेगळे वळण दिले व ते वळण सर्वांना वापरता येईल असे खुले केले. या पद्धतीत संपूर्ण प्रणाली पुन्हा घडवावी लागत नाही. थोडकी चित्रे वारंवार दाखवून तिच्यातील काही संख्या बदलल्या जातात. या कामाला काही तासांचा अवधी व अत्यल्प खर्च लागला. मेंगर्ट यांना हे नंतर समजले.

त्यांनी मांडलेल्या आक्षेपांपैकी एक कायद्याच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्या ३२ चित्रांपैकी काही त्यांनी डिस्नेसारख्या ग्राहक कंपन्यांसाठी काढलेली होती आणि त्यांचे हक्क त्या कंपन्यांकडे होते. म्हणजे मेंगर्ट यांची संमती मागितली असती, तरी ती देणे सर्वस्वी त्यांच्या हाती नव्हते. दुसरीकडे, 'ही शैली कोणाची' असे विचारल्यास प्रत्येक जण त्यांचेच नाव घेईल. चित्राची मालकी एकाकडे आणि हाताची ओळख दुसऱ्याकडे, ही व्यावसायिक बोधचित्रकाराची नित्याची अवस्था आहे.

या प्रकारात कायद्याला पकडण्याजोगी कृती अधिक स्पष्ट आहे. कोणीतरी ओळखून, निवडून, विशिष्ट चित्रांच्या प्रती काढल्या. भारतात ही कृती कलम १४ खाली येते. कलम ५२ मध्ये खाजगी वा वैयक्तिक उपयोग, समीक्षा इत्यादींसाठी उचित व्यवहाराची सवलत आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेला प्रयोग त्या सवलतीत बसतो असा युक्तिवाद होऊ शकेल. परंतु तेच वळण सर्वांना वाटले किंवा त्यावर पैसे मिळविले, तर 'खाजगी' या शब्दाचा आधार उरत नाही.

रुटकोव्स्की यांच्याबाबतही हाच मार्ग पुढे अवलंबिला गेला. दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्या नावाचे बळ ओसरल्यावर २०२३ मध्ये त्यांच्या शैलीचे वेगळे वळण तयार करून प्रसृत केले गेले. चित्रकाराने आपली नाराजी उघडपणे व्यक्त केल्यानंतर हे घडले, ही बाब नैतिक मूल्यमापनात दुर्लक्षिता येत नाही. अजाणतेपणाची सबब येथे उपलब्ध नव्हती.

नीतीचा प्रश्न : श्रेयाची एक ओळ

कायदा जेथे मौन पाळतो तेथे सर्व क्षम्य ठरते असे नाही. हा मुद्दा मराठी ग्रंथव्यवहारातील एका कल्पित उदाहरणाने तपासता येईल. एका दिवाळी अंकाच्या संपादकाला मुखपृष्ठावर पावसात भिजणारा गड हवा आहे. त्याच्या मनात एका हयात चित्रकाराची रेघ आहे. ती रेघ वाचक दुरून ओळखतात. पूर्वी अशा वेळी संपादक त्या चित्रकाराला विचारीत असे. मानधन ठरे, मुदत ठरे. चित्रकाराला सवड नसेल, तर काम दुसऱ्याकडे जाई, आणि तो दुसरा चित्रकार आपल्या पद्धतीने गड काढून खाली स्वतःची सही करी. आता संपादकाने नाव जोडून यंत्राकडून चित्र मिळविले, असे समजू.

प्रश्न उभा राहतो तो अंकाच्या आतल्या पानावर. तेथे 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे काय छापावयाचे? चित्रकाराचे नाव छापले, तर ते असत्य होय, कारण त्याने हे चित्र काढलेले नाही. 'अमुक यांच्या शैलीत' असे छापले, तर त्याच्या अनुमतीवाचून त्याच्या कीर्तीवर अंक विकला जातो. काहीच छापले नाही, तर मुखपृष्ठ पाहणारा वाचक ते त्याचेच आहे असे समजून चालतो आणि संपादक त्या गैरसमजाचा मूक लाभार्थी बनतो. संपादकाने स्वतःचे नाव छापावे, तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलम २(घ) मध्ये संगणकाद्वारे निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करविणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. पण असे नाव छापण्यास बहुतेक संपादक संकोचतील, आणि त्या संकोचातच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ज्या चित्राच्या श्रेयाची ओळ प्रामाणिकपणे लिहिता येत नाही, त्या चित्राच्या मागणीत काहीतरी दडविलेले असते.

या उदाहरणात चित्रकाराचे नुकसान दोन प्रकारचे आहे. एक काम गेले, हे उघड दिसते. दुसरे नुकसान सावकाश होते. रुटकोव्स्की यांची मुख्य चिंता हीच होती, की आपल्या नावाने शोध घेतल्यावर आपण न काढलेली चित्रे समोर येऊ लागतील. नाव हा व्यावसायिक चित्रकाराच्या दुकानाचा फलक असतो. त्या फलकाखाली दुसऱ्याचाच माल मांडला गेला, तर ग्राहकाला मूळ दुकान सापडेनासे होते. दिवंगत चित्रकाराबाबत हा धोका वारसांच्या हक्कांपुरता व इतिहासाच्या शुद्धतेपुरता उरतो. हयात चित्रकाराबाबत तो उद्याच्या कामाशी निगडित असतो. 'हयात' या शब्दाला या चर्चेत जे वजन आहे, ते यामुळे.

या नुकसानीवर भारतीय कायद्यात काही उपाय संभवतो काय, हे पाहावे लागेल. कलम ५७ ने कर्त्याला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा व तिच्या विपर्यासास हरकत घेण्याचा विशेष अधिकार दिला आहे. पण तो त्याच्या स्वतःच्या कृतीपुरता आहे. न काढलेल्या चित्रावर त्याचा उपयोग होत नाही. एकाचा माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्धचा उपाय, जो १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमातील कलम २७ ने अबाधित ठेवला आहे, तो अधिक जवळचा आहे. त्यासाठी नावलौकिक, दिशाभूल व हानी या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या नावाचा व आवाजाचा कृत्रिम प्रणालींद्वारे होणारा वापर अंतरिम आदेशाने रोखला. आवाज हा देहाशी जोडलेला असल्याने व्यक्तित्वाचा भाग मानणे सोपे गेले. चित्रकाराचा हात तसा मानावयाचा काय, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. परंतु त्याच्या नावाबाबत तरी गायक व चित्रकार यांत भेद करण्याचे कारण दिसत नाही.

आक्षेप आणि मर्यादा :

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. हिंदुस्थानी संगीतात घराण्याची गायकी शिष्याने उचलावी हेच अपेक्षित असते. तेथे अनुकरण हा दोष नसून दीक्षा आहे. मग चित्रकलेतच शैलीला कुंपण का घालावे? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच शैलीला प्रताधिकार द्यावा ही मागणी मान्य करता येत नाही. मात्र घराण्याची तुलना पुरती करावयास हवी. शिष्य गुरूचे नाव उघडपणे घेतो. गायकी गळ्यावर चढण्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत शिष्याच्या स्वतःच्या गळ्याचा धर्म तीत मिसळून ती किंचित बदलते. शिवाय शिष्य मैफलीत स्वतःच्या नावाने बसतो. नाव जोडून केलेल्या मागणीत यांपैकी एकही गोष्ट घडत नाही. परंपरेचा आधार घ्यावयाचा, तर तिचे उत्तरदायित्वही घ्यावे लागते.

शैलीला मालमत्ता मानण्यातील दुसरा धोका मेंगर्ट यांच्या उदाहरणातून दिसतो. भारतीय अधिनियमाच्या कलम १७ नुसार नोकरीत केलेल्या कृतीचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, सामान्यतः नियोक्ता असतो. शैलीही मालमत्ता ठरली, तर ती चित्रकाराकडे न राहता कंपन्यांकडे जाण्याचा संभव अधिक. मग चित्रकाराने नोकरी सोडल्यावर स्वतःच्याच वळणाची रेघ काढणे त्याला अवघड होईल. ज्याच्या रक्षणासाठी कायदा करावयाचा, त्याच्याच हाताला तो बेडी ठरेल.

'नाव वगळून वर्णन करावे' हा उपाय अनेकदा सुचविला जातो. धुके, मावळता प्रकाश, तैलरंगाचे मोकळे फटकारे, लहान मनुष्याकृती असे शब्द लिहिले, तर मागणी परंपरेच्या सामायिक भांडाराकडे वळते आणि नावाचा गैरवापर टळतो. हा उपाय योग्य आहे. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. वर्णन बदलीत बदलीत, समोर त्या चित्रकाराची चित्रे ठेवून, ओळख पटेपर्यंत प्रयत्न केले, तर नाव केवळ कागदावरून गेले, हेतूतून गेले नाही. स्टाइनबर्ग यांच्या प्रकरणातही जाहिरातीवर त्यांचे नाव नव्हते.

निष्कर्ष :

वरील तिन्ही घटनांचा एकत्रित विचार करता असे दिसते, की 'शैली घेतली' हा आरोप कायद्याच्या दृष्टीने संदिग्ध आहे. मूळ चित्रातील तपशील घेतले असतील, तर तो प्रताधिकाराचा विषय होतो. चित्रांच्या प्रती काढून यंत्राला वळण दिले असेल, तर तोही प्रताधिकाराचाच विषय होतो, मात्र सवलतींच्या सीमा अद्याप सर्वत्र निश्चित झालेल्या नाहीत. केवळ नाव घेतले असेल, तर प्रताधिकार बहुधा अपुरा पडतो आणि दिशाभूल व व्यक्तित्व यांविषयीच्या कायद्याकडे वळावे लागते. यांखेरीज जे उरते ती निव्वळ शैली, आणि ती मुक्त असणेच कलेच्या व नवोदित कलावंतांच्या हिताचे आहे.

नैतिक निर्णय मात्र मागणी करणाऱ्याच्या पातळीवर व्हावयाचा असतो. चित्रकार हयात आहे काय, तो असेच काम स्वीकारतो काय, आणि हे चित्र त्याच्या कामाच्या जागी बसणार आहे काय, या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्याला विचारणे हाच सरळ मार्ग होय. त्याचा नकार आल्यास दुसऱ्या चित्रकाराचा हात स्वीकारावा, जसा तो आजवर स्वीकारला गेला. आणि जेथे शंका वाटेल, तेथे 'मुखपृष्ठ' या शब्दापुढची ओळ आधी लिहून पाहावी. ती निःसंकोच छापता येत असेल, तरच पुढचे चित्र मागावे.